फळीवरचे चार मिलिमीटर

कुठल्याही माध्यमिक शाळेत जाऊन ‘तुमच्या ग्रंथालयात पुस्तकं किती?’ असं विचारा. तीन उत्तरं मिळतात आणि तिन्ही आत्मविश्वासानं मिळतात. मुख्याध्यापक म्हणतात, ‘पाच हजारांच्या वर.’ हेडक्लार्क रजिस्टर काढून म्हणतात, ‘पाच हजार दोनशे बारा.’ ग्रंथपालबाई काहीच म्हणत नाहीत. त्या कपाटाकडे बघतात आणि ‘मोजावी लागतील’ म्हणतात. पहिल्या दोन उत्तरांचं वजन तपासणीच्या दिवशी असतं, तिसऱ्याचं रॅक विकत घेताना. आमच्या शाळेवर रॅक विकत घेण्याची वेळ आली, म्हणून मोजणी करावी लागली.

त्याचं असं झालं की, ग्रंथालयासाठी एक रिकामी वर्गखोली मिळाली. तोवर आमची पुस्तकं लोखंडी कपाटांत कुलूपबंद होती. किल्ल्या कार्यालयात आणि कार्यालय साडेपाचला बंद, त्यामुळे पुस्तकं फार सुरक्षित होती. आता उघडे रॅक येणार, मुलं स्वतःच्या हातानं पुस्तक काढणार, असा ठराव शाळा समितीत झाला. ‘किती रॅक लागतील त्याचा हिशेब करून द्या,’ असं सांगून मुख्याध्यापकांनी तो कागद माझ्याकडे सरकवला. मी गणिताचा शिक्षक. शाळेत आकडा दिसला की तो गणिताच्या शिक्षकाचा, मग तो सहलीच्या वर्गणीचा असो नाहीतर खिचडीच्या तांदळाचा.

अर्थात खरं काम ग्रंथपालबाईंनी केलं. आमच्या बाई अर्धवेळ ग्रंथपाल आहेत. म्हणजे पगार अर्धा वेळ आणि पुस्तकं पूर्ण वेळ. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, ‘सर, दाखल नोंदवहीतला शेवटचा आकडा धरू नका. तो जन्माचा दाखला आहे, शिरगणती नव्हे.’

हे एकदम बरोबर होतं. दाखल नोंदवहीत पुस्तक आलं की त्याला क्रमांक मिळतो. ते हरवलं, फाटलं, वाळवीनं खाल्लं किंवा बदलून गेलेल्या शिक्षकांबरोबर त्यांच्या गावाला गेलं, तरी तो क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळत नाही. त्यामुळे नोंदवही फक्त चढत जाते. पुस्तक अधिकृतपणे मरायला निर्लेखनाचा ठराव लागतो, ठरावाला समिती लागते, आणि समितीतल्या प्रत्येकाला वाटतं की उद्या वसुली निघाली तर आपल्या पगारातून कापतील. म्हणून आमच्याकडे पाठीचा कणा नसलेली, मधली सोळा पानं गळालेली, पावसाळ्यात भिजून फुगलेली पुस्तकंही नोकरीत कायम होती. बाईंनी मुलं हाताशी घेऊन सगळी कपाटं रिकामी केली. बाहेर वाटलेली पुस्तकं वाटप रजिस्टरवरून मिळवली, आणि आकडा निघाला ४,०६०. उरलेली साडेअकराशे नेमकी कुठे आहेत हा प्रश्न हेडक्लार्कांनी विचारला, पण हळू आवाजात.

संख्या झाली. आता जाडी.

फळीची लांबी काढायची म्हणजे संख्येला जाडीनं गुणायचं, एवढं पाचवीतल्या मुलालाही सुचतं. पण कुणाच्या जाडीनं? मुख्याध्यापकांच्या टेबलावर मराठी विश्वकोशाचा एक खंड होता, त्यावर त्यांनी पट्टी ठेवली. सहा सेंटिमीटर. त्या हिशेबानं आम्हाला जवळजवळ अडीचशे मीटर फळी लागणार होती, म्हणजे रॅक ग्रंथालयातून निघून व्हरांड्यामार्गे मुतारीपर्यंत गेले असते. हेडक्लार्कांना एवढा खर्च परवडणारा नव्हता. त्यांनी ढिगातून पहिलीच्या मुलांचं टाचण्या मारलेलं गोष्टीचं पुस्तक उचललं. चार मिलिमीटर. त्यांच्या हिशेबानं सोळा मीटरमध्ये सगळा कारभार आटोपत होता आणि चार रॅकमध्ये ज्ञानाची व्यवस्था लागत होती. दोघांनीही मोजमाप अगदी अचूक केलं होतं, फक्त दोघांनी आपापल्या मनासारखं पुस्तक निवडलं होतं.

बाई एकेकटं पुस्तक मोजतच नाहीत. त्यांची पद्धत उलटी आहे. त्या जमिनीवर खडूनं एक मीटरची रेघ मारतात आणि त्या रेघेवर पुस्तकं उभी करत जातात. मीटर भरला की पुस्तकं मोजायची. मीटरमध्ये पन्नास बसली तर एकाची जाडी दोन सेंटिमीटर. एका पुस्तकावर पट्टी ठेवली तर मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच, आणि ते इकडेतिकडे चार हजारांनी गुणलं की चार मीटर होतात. पन्नास पुस्तकांची रांग एकदम मोजली की ती चूक पन्नासांत वाटली जाते. शिवाय दोन पुस्तकांच्या मधली फट, कव्हरचा फुगवटा, प्लॅस्टिकचं वेष्टण हे सगळं त्या मीटरमध्ये आपोआप धरलं जातं. पट्टीला ते दिसत नाही.

मात्र रांग किती घट्ट लावायची याला त्यांचा नियम आहे. पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोट लावून ते सहज बाहेर आलं पाहिजे. हे बघायला त्यांनी आमच्या शिपाईमामांना बोलावलं. मामांनी आयुष्यभर कपाटं भरली आहेत. त्यांनी रांगेला गुडघा लावला आणि पन्नासाच्या जागी अठ्ठावन्न बसवून दाखवली. ‘बघा बाई, अजून दोन जातील.’ जातील हो, पण निघणार नाहीत. दाबून बसवलेलं पुस्तक मुलं वरच्या कडेला बोट घालून ओढतात, आणि तिथूनच कणा फाटायला सुरुवात होते. ज्या ग्रंथालयात बहुतेक पुस्तकांचे कणे वरच्या टोकाला फाटलेले असतील, तिथे फळ्या कमी आहेत असं खुशाल समजावं, वाचनाची आवड जास्त आहे असं नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे बाईंनी एकच मीटर मोजला नाही. एकाच मीटरवर भागवलं असतं तर कुठल्या कपाटासमोर खडू हातात आला यावर शाळेचं अंदाजपत्रक ठरलं असतं. त्यांनी पुस्तकांचे चार ढीग केले. पहिला टाचण्यांच्या पातळ बालपुस्तकांचा. ती १,४०० निघाली, आणि एका मीटरमध्ये अडीचशे मावली. दुसरा कथा, कादंबऱ्या, चरित्रं यांचा, १,९०० पुस्तकं, मीटरमध्ये पन्नास. तिसरा विज्ञान आणि माहितीच्या पुस्तकांचा, ६०० पुस्तकं, प्रत्येकी सरासरी दीड सेंटिमीटर. आणि चौथा शब्दकोश, विश्वकोश, संस्कृतिकोश वगैरे वजनदार मंडळींचा, १६० नग, मीटरमध्ये जेमतेम वीस. प्रत्येक ढिगातून त्यांनी वेगवेगळ्या जागचे तीन-तीन मीटर मोजून मगच आकडा लिहिला.

बेरीज अशी आली: पातळ पुस्तकांचे ५.६ मीटर, कथा-कादंबऱ्यांचे ३८, माहितीचे ९ आणि कोशांचे ८. एकूण ६०.६ मीटर. माझ्यातल्या गणिताच्या शिक्षकाला यात फार आनंद झाला, कारण पातळ पुस्तकं संख्येनं तिसऱ्या हिश्शाहून जास्त असूनही लांबीत दहावा हिस्साही घेत नव्हती, आणि १६० कोश त्या १,४०० पुस्तकांपेक्षा जास्त जागा अडवून बसले होते. वर्गात हे उदाहरण मी सरासरी शिकवताना वापरतो. मुलांना लगेच कळतं, कारण प्रत्येक बाकावर असा एक कोश असतो.

कोशांच्या ढिगात एक विशेष वस्ती होती. तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांच्या एकसष्टीनिमित्त निघालेल्या गौरवग्रंथाच्या चाळीस प्रती. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रं, जाडी चार सेंटिमीटर. चाळीस प्रती म्हणजे १.६ मीटर, जवळजवळ दोन फळ्या फक्त शुभेच्छांच्या. एकही प्रत कधी वाटप रजिस्टरवर चढली नव्हती, त्यामुळे ती हरवलीही नव्हती. भेट आलेल्या पुस्तकांचा हा गुण आहे. विकत घेतलेलं पुस्तक तीन वर्षांत गायब होतं आणि भेट आलेलं चिरंजीव असतं. मी म्हटलं, ‘बाई, एक प्रत ठेवा, बाकीच्या वाटून टाका.’ बाईंनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे शाळेच्या इमारत निधीला देणगी देणाऱ्यांची नावं होती. पहिलं नाव वाचून मी १.६ मीटर हिशेबात धरले.

इथवर सगळं सुरळीत होतं. गाडी अडली ती मोकळ्या जागेपाशी.

फळी शंभर टक्के भरायची नसते, हे कार्यालयाच्या गळी उतरवायलाच एक आठवडा गेला. हेडक्लार्कांचं म्हणणं सरळ होतं. पुस्तकं साठ मीटर आहेत तर साठ मीटर फळी घ्या, रिकाम्या फळीचे पैसे कशाला? यावर बाईंनी त्यांना मुंबईच्या लोकलमधली चौथी सीट समजावून सांगितली. तिघांच्या बाकावर चौथा येतो, ‘जरा सरका’ म्हणतो, आणि तिघं सरकतात, कारण कडेला वीतभर जागा असते. पुस्तकं विषयवार लावलेली असतात. नवं पुस्तक शेवटी लावून चालत नाही, ते त्याच्या विषयात मध्येच कुठेतरी शिरतं. शिवाजी महाराजांवरचं नवं पुस्तक इतिहासातच जाणार. त्या फळीवर जागा नसेल तर तिथलं शेवटचं पुस्तक पुढच्या फळीवर, तिथलं त्याच्या पुढच्या, असं करत एका पुस्तकासाठी पूर्ण ग्रंथालय सरकवावं लागतं. म्हणून मोकळी जागा सगळी शेवटच्या रॅकला ठेवून उपयोग नाही, ती प्रत्येक फळीवर थोडी थोडी हवी.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. पाचव्या सूत्राचा भावार्थ असा, की ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पायाच त्यांनी घातला. हे मी हेडक्लार्कांना मुद्दाम सांगितलं, म्हणजे निदान गणितवाल्यांबद्दल थोडा आदर वाढावा. ते म्हणाले, ‘त्यांना डेडस्टॉक रजिस्टर ठेवावं लागत नसेल.’

शेवटी प्रत्येक फळीचा पाव भाग मोकळा ठेवायचा, असं सर्वानुमते ठरलं. पंचवीस टक्के. मुख्याध्यापकांनी मान्य केलं, समितीनं मान्य केलं, हेडक्लार्कांनीही ‘ठीक आहे, पंचवीस तर पंचवीस’ म्हणत कॅल्क्युलेटर काढला आणि ६०.६ मध्ये त्याचे पंचवीस टक्के मिळवले. उत्तर आलं ७५.७५ मीटर. त्यांनी ते लिहून खाली दोन रेघा ओढल्या. कार्यालयात दोन रेघा ओढलेल्या आकड्याला पुरावा लागत नाही.

बाई म्हणाल्या, ‘८०.८ यायला हवेत.’

यानंतर जे झालं ते शिक्षक-खोलीत अजून सांगितलं जातं. पाच मीटरचा फरक, आणि दोघंही पंचवीस टक्केच म्हणताहेत! भाषेच्या सरांनी दोन्ही उत्तरांच्या मध्ये तडजोड सुचवली. चित्रकलेच्या बाईंनी फळीचं चित्रच काढलं आणि खरं तर तिथेच निकाल लागला. फळीचे चार सारखे भाग करा. तीन भागांत पुस्तकं, एक भाग मोकळा. म्हणजे पुस्तकं फळीच्या तीन चतुर्थांश भागात आहेत. मग ६०.६ मीटर हा पूर्ण फळीचा पाऊण हिस्सा झाला, आणि पूर्ण फळी काढायची तर ६०.६ ला ०.७५ नं भागायचं. उत्तर ८०.८. हेडक्लार्कांनी जी पाव जागा मिळवली ती पुस्तकांच्या पाव होती, फळीच्या नव्हे. त्यांच्या ७५.७५ मीटरमध्ये मोकळा भाग पंधरा मीटर, म्हणजे फळीचा पाचवाच हिस्सा. दुकानदार नफा खरेदीवर मोजतो की विक्रीवर, तोच हा घोळ. मी सातवीला शतमान नफा शिकवतो तेव्हा मुलं हमखास हीच गफलत करतात आणि मी त्यांचे दोन गुण कापतो. हेडक्लार्कांचे गुण कापायची सोय नव्हती.

‘पाच मीटर म्हणजे काय मोठंसं,’ असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. तीन कोटेशनं आधीच मागवून झाली होती.

कोटेशनमध्ये रॅकचं वर्णन होतं: अँगलचा लोखंडी रॅक, उंची साडेसहा फूट, रुंदी तीन फूट, खोली एक फूट, फळ्या सहा. कार्यालयानं तीन फुटांचे ०.९१४ मीटर केले, ७५.७५ ला त्यानं भागलं, ८३ फळ्या निघाल्या. एका रॅकला सहा, म्हणजे १४ रॅक. हिशेब इतका स्वच्छ होता की त्यावर गोल शिक्का बसला.

आता रॅकजवळ जाऊन बघूया, जे कार्यालयातल्या कुणी केलं नव्हतं. बाई गावातल्या एका पतसंस्थेत गेल्या, तिथे त्याच मापाचा रॅक फायलींसाठी होता. सोबत टेप. तीन फूट हे बाहेरून बाहेरचं माप निघालं. दोन्ही बाजूंच्या उभ्या अँगलची रुंदी आणि आतल्या बाजूला डोकावणारे नटबोल्ट वजा करता पुस्तकाला मिळणारी जागा भरली ८७ सेंटिमीटर. प्रत्येक फळीवर चार-साडेचार सेंटिमीटर विक्रेत्याच्या आणि वास्तवाच्या मधल्या पोकळीत गेले. एका फळीवर दोन कादंबऱ्या. नव्वद फळ्या असल्या तर चार मीटर.

पण याहून मोठी गंमत फळ्यांच्या संख्येत होती. रॅकला पत्र्याच्या फळ्या सहा होत्या, यात खोटं काहीच नाही. त्यांतली सर्वांत खालची जमिनीपासून चार बोटं वर, आणि सर्वांत वरची म्हणजे रॅकचं छप्पर. सहा फळ्यांमध्ये खण झाले पाच. हाताची बोटं पाच आणि फटी चार, हे पहिलीत शिकवतात, पण बिलात बोटांचे पैसे लावतात. छपरावर पुस्तकं ठेवता येत नाहीत का? येतात. साडेसहा फुटांवर ठेवलेलं पुस्तक सहावीच्या मुलाला दिसतही नाही, मग ते वाचणार कोण? छपराला बाजूचा आधार नसतो, पुस्तकं घसरतात. आणि महत्त्वाचं म्हणजे शाळेत ती जागा आधीच ठरलेली असते. तिथे आंतरशालेय कबड्डीचे चषक, एक पृथ्वीचा गोल, मागच्या प्रदर्शनातला ज्वालामुखी आणि सरस्वतीची मूर्ती येणारच. ठराव करा अथवा करू नका.

बाईंचा हिशेब असा: ८०.८ मीटर भागिले ०.८७, म्हणजे ९३ खण. दर रॅकला पाच. १९ रॅक.

कार्यालयाचा हिशेब १४.

या दोन्हींमध्ये लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, कार्यालयानं तीन ठिकाणी थोडं थोडं चुकवलं आणि तिन्ही चुका एकाच दिशेला गेल्या. मोकळी जागा कमी धरली, फळी लांब धरली, खण जास्त धरले. चुका अशा वेगवेगळ्या दिशांना जातील आणि एकमेकींना खोडतील अशी आपली भाबडी समजूत असते. पण खर्चाच्या हिशेबात चुका कायम स्वस्ताईच्या बाजूलाच झुकतात. बाईंनी १९ चा कागद दिला. मुख्याध्यापकांनी तो वाचला, खरोखर वाचला, आणि म्हणाले, ‘तुमचं बरोबर आहे बाई. पण मंजुरी चौदाची आली.’

रॅक आले डिसेंबरात. मामांनी आणि दहावीच्या मुलांनी पुस्तकं लावली. आणि काय आश्चर्य, सगळी बसली! हेडक्लार्क खास बघायला आले. प्रत्येक फळीवर पुस्तकांच्या उजवीकडे चांगली हाताच्या पंजाएवढी जागा मोकळी होती. ‘एकोणीस म्हणत होत्या,’ ते मला म्हणाले, ‘पाच रॅकचे पैसे वाचले की नाही?’ मी फळीकडे बघितलं. जागा खरंच होती. मीही क्षणभर गणितावरून विश्वास उडवून घ्यायच्या बेतात होतो.

बाईंनी वाटप रजिस्टर उघडून दाखवलं. त्या दिवशी चारशे पुस्तकं मुलांच्या घरी होती. बहुतेक गोष्टींची आणि कादंबऱ्यांची. म्हणजे सुमारे सात मीटर पुस्तकं बाहेर. सत्तर खणांत सात मीटर म्हणजे दर खणाला दहा सेंटिमीटर, तोच तो पंजा. तो मोकळा भाग शाळेचा नव्हता, मुलांच्या दप्तरांतून उसना आला होता.

‘आणि एप्रिलमध्ये?’ मी विचारलं.

एप्रिलमध्ये साठा पडताळणी असते. परीक्षेआधी सगळी पुस्तकं परत, नाहीतर निकाल नाही, अशी नोटीस निघते. सार्वजनिक वाचनालयात काही पुस्तकं सदैव बाहेर असतात, तिथे त्यांच्या जागेचा थोडा आधार धरता येतो. शाळेत वर्षातून एकदा प्रत्येक पुस्तक घरी येतं आणि उन्हाळाभर राहतं. फळी मोजायची ती त्या दिवसासाठी. चौदा रॅक, सत्तर खण, प्रत्येकी ८७ सेंटिमीटर, म्हणजे ६०.९ मीटर. पुस्तकं ६०.६ मीटर. कागदावर तीस सेंटिमीटर शिल्लक. सत्तर खणांत वाटली तर दर खणाला चार मिलिमीटर, म्हणजे टाचण्यांचं एक पातळ पुस्तक.

हेडक्लार्कांनी या आकड्यांवरही ‘बसतात म्हणजे बसतातच’ असा शेरा मारला. पण पुस्तक कापून अर्धं या फळीवर आणि अर्धं पुढच्या फळीवर लावता येत नाही. प्रत्येक खणाच्या शेवटी पाऊण पुस्तकाची, अर्ध्या पुस्तकाची जागा उरते आणि वाया जाते. दोन सेंटिमीटर जाडीची पुस्तकं असली की सरासरी एक सेंटिमीटर तरी. सत्तर खणांचे साठ-सत्तर सेंटिमीटर असेच गेले, हाताशी होते तीस. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मामांनी बाईंच्या नियमानं, गुडघा न लावता सगळं भरलं आणि पंधरा-वीस कादंबऱ्या हातात राहिल्याच. त्या खिडकीत ठेवल्या. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. त्याबद्दल बाई बोलत नाहीत.

तरीही जूनमध्ये लोकांना वाटायचं की पुस्तकं तर सगळी आत आहेत, मग अडचण काय? अडचण अशी, की फळी साधारण पंच्याऐंशी टक्के भरली की काम जड व्हायला लागतं. परत आलेलं पुस्तक त्याच्या जागी शिरत नाही, म्हणून मुलं ते रांगेच्या डोक्यावर आडवं टाकतात. आडव्यावर आडवं चढतं. मग कुणीतरी मागे एक रांग आणि पुढे एक रांग अशी युक्ती काढतो. फळी एक फूट खोल असते आणि पुस्तक सहा इंच रुंद, त्यामुळे ते बसतंही छान. मागच्या रांगेतली पुस्तकं त्या दिवसापासून अज्ञातवासात जातात. वाटप रजिस्टरवर एखाद्या लोकप्रिय लेखकाचं नाव अचानक दिसेनासं झालं तर त्याची लोकप्रियता संपली असं नाही, तो मागच्या रांगेत गेला असं समजावं.

आणि पाव जागा मोकळी ठेवली असती तरी ती काही नव्या पुस्तकांसाठी दहा वर्षं पुरली नसती. हे गणित बाईंनी मला नंतर करून दाखवलं. १९ रॅक घेतले असते तर फळी झाली असती जवळपास ८३ मीटर. त्याचे पंच्याऐंशी टक्के म्हणजे सत्तरच्या आत-बाहेर. त्यातून आजची ६०.६ गेली की वाढीला उरतात साडेनऊ मीटर. वर्षाला सव्वाशे पुस्तकं घेतली, प्रत्येकी दोन सेंटिमीटर, तर अडीच मीटर. साडेतीन-चार वर्षांत संपलं. शिवाय जुनी पुस्तकं पुठ्ठा बांधणीला दिली की प्रत्येक पुस्तक चार मिलिमीटर जाड होऊन परत येतं. पाचशे बांधली की दोन मीटर गेले, आणि वाचायला नवं पान एकही मिळालं नाही. म्हणजे पाव जागा ही काही चैन नव्हती, ती चार वर्षांची मुदत होती. पुढे निर्लेखन करा किंवा रॅक घ्या, असं आहे ते.

निर्लेखनाची समिती अजून बसायची आहे. रॅकची मागणी पुढच्या अंदाजपत्रकात आहे. दरम्यान बाईंनी एक मार्ग काढला. ती १,४०० पातळ पुस्तकं फळीवर उभी राहतच नाहीत, कण्यावर नाव छापायला जागाच नसते, आणि अडीचशेंच्या रांगेतून हवं ते शोधायचं म्हणजे पत्त्यांच्या कॅटमधून गुलाम काढण्यासारखं आहे. लहान मुलांना मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. अनेक जिल्हा परिषद शाळांत करतात तसं दोरीवर टांगू म्हणाल्या. पुस्तक मधोमध उघडून दोरीवर घोड्यासारखं बसवायचं. फळीवरचे ५.६ मीटर मोकळे होतील आणि रॅक नव्वद टक्क्यांवर येतील. पुरेसं नाही, पण खिडकीला आराम.

मुख्याध्यापकांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी सगळीच पुस्तकं एकदम टांगा म्हणून सांगितलं. मी पटकन गुणाकार केला. फळीवर जे पुस्तक चार मिलिमीटर घेतं ते दोरीवर त्याच्या उंचीइतकी जागा घेतं. बावीस सेंटिमीटर आणि मध्ये थोडी फट, म्हणजे पंचवीस. १,४०० पुस्तकांना साडेतीनशे मीटर दोरी. एवढ्यात आमच्या मैदानाला पूर्ण वेढा पडला असता. शेवटी एका वेळी चाळीस टांगायची, दर शनिवारी बदलायची, बाकीची पेटीत, असं ठरलं. चाळीस पुस्तकं, दहा मीटर.

‘दहा मीटर,’ हेडक्लार्कांनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून त्यांनी बाईंकडे पाहिलं. ‘आणि गाठी, खिळे, झोळ यासाठी पंचवीस टक्के. मिळवून की भागून?’

बाई उत्तर देणार तेवढ्यात दारातून मामा म्हणाले, ‘साहेब, सुतळी किलोवर मिळते.’